पंचमच का घुमतो? पॅरामेट्रिक ईक्यूच्या तीन बटणांबद्दल

प्रश्न: घरी अभंग रेकॉर्ड करतो. पुरुष आवाज, सूर काळी एक. खोली अडीच मीटर रुंद आहे, माइक बाजूच्या भिंतीपासून ८०-८५ सेंटिमीटरवर असतो. पेटी नंतर वेगळ्या ट्रॅकवर घेतो. आवाज घुमतो, पंचमावर तर फारच. सगळे सांगतात, '२५० कमी कर आणि ३ के वाढव.' तसं केलं की घुमणं राहतंच, शिवाय आवाज पातळ आणि बोचरा होतो. फ्रीक्वेन्सी, गेन आणि क्यू ही बटणं नेमकी काय करतात आणि आधी कुठलं फिरवायचं?

उत्तर:

तुम्ही पंचमाचा उल्लेख केलात ते फार बरं झालं. 'आवाज घुमतो' एवढंच लिहिलं असतंत तर मीही कदाचित २५०चाच आकडा सांगून मोकळा झालो असतो. आवाज सगळ्याच सुरांवर जाड वाटत असेल तर तो एक आजार आणि एकाच सुरावर फुगत असेल तर तो दुसरा. दोन्ही कानाला 'घुमणं' म्हणूनच ऐकू येतात, पण इक्वलायझरवर, म्हणजे ईक्यूवर, त्यांचा इलाज वेगवेगळ्या बटणाने होतो. तुमचा घोळ फ्रीक्वेन्सीच्या आकड्यात थोडा आहे आणि क्यूमध्ये बराच आहे.

आधी हे सूर हर्ट्झमध्ये कुठे बसतात ते पाहू. पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाणाला लावलेली आहे असं धरतो. जुन्या पेट्या थोड्या चढ्या असतात, तेव्हा तुमची एकदा तपासून घ्या. काळी एकचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर येतो. शुद्ध मध्यम १८५, पंचम २०८, शुद्ध धैवत २३३ आणि तार षड्ज २७७. हे आकडे कागदावर लिहून ईक्यूच्या शेजारी ठेवा. गाणाऱ्या माणसाला १८५ ते २३३ म्हटल्यावर काहीच बोध होत नाही, पण 'मध्यमापासून धैवतापर्यंत' म्हटलं की लगेच कळतं. खालच्या फ्रीक्वेन्सींवर ईक्यू वापरताना मी नेहमी असाच विचार करतो.

आता तुमची खोली. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक कंपनं अडकून वाढतात. ती कुठली, ते या साध्या सूत्राने निघतं:

```
f = n × c / (2 × L)
```

c म्हणजे आवाजाचा वेग, आपल्याकडच्या २५-२६ अंश तापमानाला सेकंदाला ३४७ मीटर धरा. L म्हणजे भिंतींमधलं अंतर, तुमच्याकडे २.५ मीटर. n ला १, २, ३ धरलं की उत्तरं येतात ६९, १३९ आणि २०८. म्हणजे तुमच्या खोलीच्या रुंदीचं दुसरं कंपन जवळजवळ नेमकं तुमच्या षड्जावर पडतंय आणि तिसरं पंचमावर. मग षड्ज तितका का घुमत नाही? तिसऱ्या कंपनाचा दाब भिंतीपासून एक तृतीयांश रुंदीवर, म्हणजे ८३ सेंटिमीटरवर सर्वांत जास्त असतो आणि तुमचा माइक तिथेच उभा आहे. त्याच जागी दुसऱ्या कंपनाचा दाब निम्म्यावर आलेला असतो. मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या कार्डिऑइड माइकला हे गणित अगदी तंतोतंत लागू पडत नाही, शिवाय लांबी आणि उंचीची कंपनंही असतातच. तरीही तुमच्या तक्रारीशी हे इतकं जुळतंय की मी याच दिशेने जाईन.

पण ईक्यूला हात लावण्याआधी तीन गोष्टींची खात्री करून घ्या.

पहिली म्हणजे हे घुमणं रेकॉर्डिंगमध्ये आहे की ऐकण्यात. तुम्ही त्याच खोलीत स्पीकरवर ऐकत असाल, तर स्पीकरमधून आलेला पंचमही त्याच भिंतींमध्ये पुन्हा फुगणार. अशा वेळी चांगल्या रेकॉर्डिंगमधूनही तुम्ही २०८ कापून टाकाल आणि दुसऱ्याच्या घरी तो पंचम पोकळ वाजेल. म्हणून हेडफोनवर ऐका. तिथेही पंचम उठून येत असेल तरच तो ट्रॅकमध्ये आहे.

दुसरी, हे खोलीचं काम आहे की तुमच्या गळ्याचं. पंचम हा विसाव्याचा सूर आहे. बरेच गायक तिथे नकळत जास्त वजन देतात आणि त्यात काही गैर नाही. हे ओळखायला काळी दोनमध्ये तीच सरगम आकारात म्हणा आणि तशीच रेकॉर्ड करा. काळी दोनचा पंचम २३३वर जातो आणि २०८वर शुद्ध मध्यम येतो. आता मध्यम फुगायला लागला तर दोष खोलीचा. पट्टी बदलूनही पंचमच फुगत असेल, तर तो तुमच्या गाण्याचा भाग आहे. तिथे ईक्यू न लावता आवाजाची पातळी हाताने थोडी सावरावी.

तिसरी, तानपुरा. गाताना तो स्पीकरवर चालू असेल आणि माइकमध्ये शिरत असेल, तर त्याचा पंचम सतत तुमच्या आवाजाखाली वाजत राहतो. तो हेडफोनमध्ये घ्या.

हे तिन्ही तपासून दोष खोलीचा ठरला असं धरून पुढे जातो.

बटणांचं काम थोडक्यात असं: फ्रीक्वेन्सी म्हणजे बदलाचा मध्यबिंदू कुठे, गेन म्हणजे त्या बिंदूवर किती डेसिबल वर किंवा खाली आणि क्यू म्हणजे तो बदल आजूबाजूला किती पसरणार. १९७२मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे पॅरामेट्रिक ईक्यूवरचा निबंध मांडला. त्याचा गाभा हाच होता की या तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करून हव्या तशा फिरवता याव्यात. ग्राफिक ईक्यूमध्ये पट्ट्यांची जागा आणि रुंदी कारखान्यातच ठरलेली असते, आपल्या हाती फक्त गेन उरतो.

क्यूचं सूत्र सोपं आहे:

```
Q = f / (f2 − f1)
```

f1 आणि f2 म्हणजे बदलाच्या पट्ट्याच्या खालची आणि वरची कड, तेव्हा मधली फ्रीक्वेन्सी भागिले पट्ट्याची रुंदी. त्यामुळे क्यू मोठा तितका पट्टा अरुंद. काही प्लगइनमध्ये, उदाहरणार्थ रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ReaEQमध्ये, क्यूच्या जागी बँडविड्थ असते आणि ती ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे सप्तकात मोजलेली असते. तिथे आकडा मोठा तितका पट्टा रुंद, म्हणजे बरोबर उलट. एक सप्तक म्हणजे क्यू साधारण १.४ आणि एक तृतीयांश सप्तक म्हणजे क्यू ४.३. हा एक तृतीयांशाचा पट्टा २०८वर ठेवला तर त्याच्या कडा १८५ आणि २३३वर येतात, म्हणजे मध्यम ते धैवत. आणि एक सप्तकाचा पट्टा १४७पासून २९४पर्यंत जातो, म्हणजे मध्य सप्तकातल्या कोमल रिषभापासून तार सप्तकातल्या कोमल रिषभापर्यंत. षड्जाच्या जरा वरून निघून तार षड्जाच्याही पलीकडे. तुमचं जवळजवळ सगळं गाणं त्यात आलं!

आता '२५० कमी कर' या सल्ल्याचं काय होतं ते बघा. बहुतेक ईक्यू उघडताना क्यू १च्या आसपास असतो आणि तो कोणी बदलत नाही. समजा फ्रीक्वेन्सी तरी तुम्ही बरोबर २०८वर आणली आणि ४ डेसिबल कमी केले, पण क्यू १वरच ठेवला. मग पंचम ४ डेसिबलने खाली जातो. पण मध्यम आणि धैवतही ३.८ डेसिबलने खाली जातात, तार षड्ज ३ने आणि मध्य षड्ज सुमारे २.४ने. पंचम आणि त्याच्या शेजाऱ्यांमध्ये फरक पडला किती? ०.२ डेसिबल, म्हणजे ऐकण्याच्या दृष्टीने शून्य. पंचम आधी जितका उठून दिसत होता तितकाच आताही दिसतो, फक्त सगळा आवाज पोटातून रिकामा झाला. घुमणं राहिलं आणि आवाज पातळ झाला, ही तुमची तक्रार इथूनच येते. मध्यबिंदू २५०वर असताना तर पंचमापेक्षा धैवतच जास्त कापला गेला असेल.

आता तोच ४ डेसिबलचा काप क्यू ६ ठेवून करा. पंचम ४ने खाली, मध्यम आणि धैवत सुमारे १.४ने आणि षड्जावर परिणाम ०.२ डेसिबलपेक्षाही कमी. पंचम शेजाऱ्यांच्या तुलनेत अडीच डेसिबलने बसला आणि षड्जाचं वजन जसंच्या तसं राहिलं. फ्रीक्वेन्सी तीच, गेन तोच, फक्त क्यू बदलला आणि निकाल पूर्ण वेगळा आला.

मग क्यू आणखी वाढवून ३०वर का नेऊ नये? त्याची अडचण गाण्यातच आहे. क्यू ३०ला २०८वर पट्टा जेमतेम ७ हर्ट्झ रुंद होतो आणि पंचमापासून कोमल धैवत १२ हर्ट्झवर आहे. गळा एका आकड्यावर खिळलेला नसतो. सूर लावताना तो खालून येतो, थोडा हलतो, मींड घेतो. त्या चिमुकल्या पट्ट्यात आवाज आत-बाहेर करत राहतो आणि लांबवलेल्या पंचमावर पातळी हलल्यासारखी वाटते. मध्यमावरून धैवतावर मींड घेतली की मध्येच एक खड्डा ऐकू येतो. खोलीच्या दोषासाठी आवाजाच्या ट्रॅकवर माझा क्यू बहुतेक वेळा ४ आणि ८च्या मध्ये स्थिरावतो. तो किती हवा हे खोलीत सामान किती आहे यावर ठरतं. गाद्या, पडदे, पुस्तकांची कपाटं असलेल्या खोलीत तो फुगवटा रुंद आणि बुटका असतो, रिकाम्या खोलीत अरुंद आणि उंच.

जाता जाता एक सांगतो, क्यूचा आकडा एका प्लगइनमधून दुसऱ्यात जसाच्या तसा नेऊ नका. काही ईक्यूंमध्ये गेन वाढवला की पट्टा आपोआप अरुंद होतो, काहींत तसाच राहतो. रुंदी मोजायची कुठे, यावरही बनवणाऱ्यांचं एकमत नाही. मी वर दिलेले डेसिबलचे आकडे नेहमीच्या डिजिटल बेल फिल्टरचे आहेत. तुमच्या प्लगइनमध्ये ते थोडे इकडेतिकडे होतील, मुद्दा तोच राहील.

क्रमाबद्दल विचारलंत. माझा क्रम फ्रीक्वेन्सी, मग क्यू, शेवटी गेन असा आहे.

फ्रीक्वेन्सी शोधण्याची प्रचलित पद्धत म्हणजे अरुंद पट्टा १०-१२ डेसिबलने वाढवून इकडून तिकडे फिरवायचा आणि जिथे सर्वांत वाईट वाटेल तिथे कापायचं. मला ही पद्धत पटत नाही. इतका अरुंद आणि इतका उंच पट्टा कुठेही ठेवा, वाईटच वाटतो, कारण तो स्वतःच वाजायला लागतो. क्यू १०चा मोठा वाढीव पट्टा २०८वर असेल, तर सूर थांबल्यावर त्याची शेपूट साधारण दशांश सेकंद रेंगाळते. म्हणजे तुम्ही जो घुमारा शोधताय तो तुम्हीच तयार करता आणि मग तिथे कापता. अशा पद्धतीने केलेल्या ट्रॅकवर पाच-सहा खोल खाचा दिसतात आणि त्यातल्या निम्म्या काढून टाकल्या तरी काही बिघडत नाही.

त्यापेक्षा सरगमच वापरा. शक्य तितक्या सारख्या जोराने, आकारात, सावकाश आरोह-अवरोह दोन-तीनदा म्हणा, प्रत्येक सूर दोन सेकंद धरा. मग ट्रॅकच्या मीटरवर बघा, कुठला सूर बाकीच्यांपेक्षा सतत वर जातो. तो पंचम निघाला की जागा तुम्हाला न शोधता सापडली, २०८. तिथून थोडं मागेपुढे करून बघायचं असेल तर कापूनच बघा: गेन तात्पुरता उणे १०, क्यू ६, आणि २००पासून २१५पर्यंत हळू फिरवा. ज्या जागी पंचम सर्वांत जास्त दबतो ती जागा धरा.

मग क्यू. गेन अजून उणे १०च ठेवा आणि सरगम परत ऐका, पण या वेळी लक्ष पंचमाकडे न देता मध्यम आणि धैवताकडे द्या. ते पोकळ वाटत असतील तर क्यू वाढवा. पंचमाच्या मींडीत खड्डा ऐकू येत असेल तर क्यू कमी करा. गेन मुद्दाम जास्त असल्यामुळे रुंदीतली चूक चटकन ऐकू येते.

आता गेन परत शून्यावर आणा आणि तिथून हळूहळू खाली न्या, सरगम नको, खरा अभंग लावून. ज्या आकड्याला पंचम बाकीच्या सुरांत मिसळतो तिथे थांबा. तो बहुधा ३ ते ५ डेसिबलमध्ये येईल. मीटरवर पंचम ६ डेसिबल वर दिसला म्हणून ६ कापायचे असं नाही, कारण त्यातला काही भाग तुमच्या गायकीचा आहे आणि तो राहायला हवा. शिवाय त्याच पट्ट्यातून मंद्र पंचमाचाही दुसरा स्वरांश, म्हणजे त्याच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीचा घटक, जातो, त्याचंही थोडं वजन जातंच.

गेन ठरवताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. जे मोठं ऐकू येतं ते कानाला चांगलं वाटतं. या अरुंद कापाने एकूण पातळी फारशी बदलत नाही, पण रुंद पट्टा वाढवला की ती लगेच वाढते आणि सुधारणा झाली असं वाटतं. म्हणून प्लगइनच्या आउटपुटने पातळी आधीइतकी करून घ्या, मग बायपास दाबून तुलना करा. मी बायपासचं बटण डोळे मिटून अनेकदा दाबतो, म्हणजे ईक्यू चालू आहे की बंद हे मलाच कळेनासं होतं. मग जे आवडतं ते निवडतो आणि डोळे उघडून बघतो.

आता ३ के. वरच्या फ्रीक्वेन्सींवर ही बटणं वेगळी वागतात आणि ते समजल्याशिवाय बोचरेपणा जाणार नाही. २०८च्या आसपास सूर आणि त्याची फ्रीक्वेन्सी यांचं नातं सरळ आहे. तिथे कापलं की एखादा सूर कमी होतो. ३०००वर कुठलाही सूर बसलेला नाही, तिथे असतात प्रत्येक सुराचे वरचे स्वरांश. षड्जाचे स्वरांश १३९-१३९ हर्ट्झच्या अंतरावर रांगेने उभे असतात. क्यू १चा पट्टा ३०००वर ठेवला तर तो साधारण १८५०पासून ४८५०पर्यंत पसरतो आणि त्यात असे वीसेक स्वरांश एकदम येतात. त्यामुळे तिथला बदल एखाद्या सुराला न लागता सगळ्या सुरांच्या रंगाला लागतो. खाली ईक्यूने सुरांचा समतोल बदलतो, वर स्वरवर्णांचा आणि व्यंजनांचा. वर अरुंद पट्ट्याची गरजही म्हणूनच क्वचित पडते.

२ ते ५ किलोहर्ट्झ हा आपल्या कानाचा सर्वांत हळवा भाग आहे. तिथे रुंद पट्ट्याने ५-६ डेसिबल वाढवले तर आवाज स्पष्ट होण्याआधीच टोचायला लागतो. आणि तुमच्या बाबतीत खालचं पोटही आधीच कापलेलं होतं, म्हणजे तराजू दोन्हीकडून एकाच बाजूला कलला. म्हणून आधी २०८चं काम नीट करा, २५०चा रुंद काप काढून टाका आणि मग ३ के वाढवायची गरज उरते का ते ऐका. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा उरत नाही. उरलीच तर ३पेक्षा ४ किलोहर्ट्झच्या जवळ, क्यू ०.८च्या आसपास, दीड-दोन डेसिबल पुरतात. ४च्या आसपास 'त', 'क', 'ट' यांच्या कडा उजळतात. अडीच-तीनच्या आसपास वाढवलं की आवाजाचा ताण आणि ओरडल्यासारखा भाग आधी पुढे येतो. 'स', 'श', 'च' टोचायला लागले तर ते ईक्यूने कायमचे कापू नका. त्यांचा त्रास फक्त त्या अक्षरांपुरता असतो आणि स्थिर काप सगळ्या अभंगाची झळाळी घेऊन जातो. त्याला फक्त ती अक्षरं आली तेवढ्यापुरताच आवाज दाबणारा डीएसर वापरा.

आणि शब्द पेटीखाली दबतात म्हणून तुम्ही ३ के वाढवत असाल, तर बटण चुकीच्या ट्रॅकवर फिरवताय. पेटी वेगळ्या ट्रॅकवर आहे ही तुमची मोठी सोय आहे. पेटीची पत्ती स्वरांशांनी भरलेली असते आणि 'ए', 'ई' या स्वरवर्णांची ओळख ज्या १.५ ते २.५ किलोहर्ट्झच्या भागात असते तो ती भरून टाकते. एक ओळ लूपवर लावा, पेटीच्या ट्रॅकवर २ किलोहर्ट्झला क्यू १.२ ठेवून ३ डेसिबल कमी करा आणि आवाजाला हात न लावता ऐका. 'विठ्ठला'मधला 'ठ्ठ' किंवा 'माउली'तला 'ली' पुढे आला की जागा बरोबर आहे. नुसती पेटी वाजवली तर ती थोडी मऊ वाटेल, पण आवाजाबरोबर ते जाणवणार नाही. हे जमतं ते पेटी नंतर घेतली म्हणून. पेटी आणि गाणं एकाच वेळी, एकाच खोलीत घेतलं असतं तर पेटी आवाजाच्या माइकमध्येही शिरली असती आणि कुठल्याही ट्रॅकवरचा बदल दोघांनाही लागला असता.

सगळ्याच सुरांवरची जाडी उरली, तर ती बहुधा माइक फार जवळ घेतल्याने आलेली असते. कार्डिऑइड माइकच्या दोन-तीन इंचांवर गायलं की २०० हर्ट्झच्या खालचा भाग सगळाच वाढतो. त्याला अरुंद काप चालत नाही. तिथे खालचा शेल्फ, म्हणजे एका आकड्याच्या खालचं सगळंच उतरवणारा फिल्टर, १५०-२००पासून २-३ डेसिबल कमी, किंवा क्यू ०.७चा रुंद पट्टा. '२५० कमी कर' हा सल्ला बहुधा अशाच कुणाच्या तरी जाडीसाठी जन्माला आला असावा आणि तिथे तो चालतोही.

ईक्यूच्या हाताबाहेरच्या दोन गोष्टी तुमच्याकडे असू शकतात, त्या सांगतो.

समोर टेबल किंवा वहीचा स्टँड सपाट असेल, तर आवाज थेट माइकमध्ये येतो आणि टेबलावर आपटूनही येतो. दुसऱ्या वाटेला ३४-३५ सेंटिमीटर जास्त पडत असतील तर तो एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५००, १५००, २५०० अशा एकाआड एक जागी खड्डे पडतात. आवाज नळीतून आल्यासारखा वाटतो. तिथे आवाज भरून काढायला गेन वाढवत बसू नका, कारण डोकं जरा हललं की खड्डे जागा बदलतात. स्टँड तिरपा करा किंवा त्यावर जाड कापड टाका.

दुसरी गोष्ट म्हणजे शेपूट. पंचम छोटा, तुटक म्हणा आणि एकदम थांबा. थांबल्यानंतरही तो खोलीत लोंबकळत असेल, तर ईक्यूने त्याची पातळी कमी होईल, पण जलद लयीत पुढच्या शब्दावर पडणारी त्याची सावली पूर्ण जाणार नाही. २०८ हर्ट्झची लहर १ मीटर ६७ सेंटिमीटर लांब असते. भिंतीला चिकटवलेला दोन इंची फोम तिला जवळजवळ अडवत नाही, तो फक्त वरचा भाग खातो आणि घुमणं उलट जास्त उघडं पडतं. कापसाची जाड गादी बाजूच्या भिंतीपासून वीतभर पुढे उभी करून बघा, ती बरंच जास्त काम करते.

पण त्याही आधी, फुकटातला उपाय म्हणून माइक हलवा. ८३ सेंटिमीटरवरून २०-२५ सेंटिमीटर इकडे, मग तितकाच तिकडे, आणि प्रत्येक जागी तीच सरगम. अगदी मधोमध नेऊ नका, तिथे पंचम शांत होईल पण षड्ज फुगेल, कारण दुसऱ्या कंपनाचा जोर मधोमध असतो. भिंतीपासून ६० सेंटिमीटरच्या आसपास षड्ज जवळजवळ सुटतो आणि पंचमही थोडा उतरतो, सुरुवात तिथून करा. सोबत तोंडापासूनचं अंतर एक फुटावरून अर्ध्या फुटावर आणलं, तर तुमचा थेट आवाज खोलीच्या मानाने सुमारे ६ डेसिबलने पुढे येतो. खाली थोडी जाडी वाढेल, ती वर सांगितलेल्या शेल्फने काढता येते. एवढं करून सरगमचा नवा ट्रॅक घ्या आणि मग २०८वर किती कापावं लागतं ते बघा. बहुतेक ४च्या जागी २ डेसिबलमध्येच भागेल. तो ट्रॅक इथे टाकलात तर ऐकून क्यूबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.